पैलवानाचा ईसीजी, अर्ध्या स्केलवरच्या छातीच्या लीड्स आणि थांबवलेलं स्ट्रेप्टोकायनेज

पेशंटची ओळख पटू नये म्हणून वय, काम, गाव थोडं बदललंय, ईसीजी आणि घटनाक्रम मात्र जसाच्या तसा आहे. एलव्हीएचचा स्ट्रेन पॅटर्न अटॅकसारखा दिसतो हे आपण सगळेच एमबीबीएसला वाचतो, पण रात्री साडेअकराला समोर घामाघूम माणूस असतो आणि मशीन वर हार्ट अटॅक छापून देतं तेव्हा नेमकं काय मोजायचं हे सुचत नाही, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय.

पार्श्वभूमी

पेशंट ४७ वर्षांचा, साखर कारखान्यात कामाला. गळीत हंगाम जोरात चालू होता, त्यामुळं गेले कित्येक आठवडे शिफ्टवर शिफ्ट. तरुणपणी तालमीत घाम गाळलेला, पंचक्रोशीत अजून पैलवान म्हणूनच ओळखतात. कुस्ती सुटून वीसएक वर्षं झाली, खुराक मात्र तसाच राहिला. तंबाखू रोजची. चार वर्षांपूर्वी कारखान्याच्या मेडिकलमध्ये बीपी जास्त निघालं होतं, महिनाभर गोळ्या खाल्ल्या, बरं वाटलं म्हणून बंद केल्या. आपल्याकडं निम्म्या बीपीवाल्यांची हीच कथा असते.

रात्री दहाच्या सुमारास छातीत दडपल्यासारखं व्हायला लागलं आणि साडेअकराला घरच्यांनी तालुक्याच्या एका छोट्या हॉस्पिटलात आणलं. तिथून कोल्हापूर शहरातली कॅथलॅब गाडीनं दीड-दोन तास, आणि मध्ये उसाच्या ट्रॉल्या लागल्या तर त्याहून जास्त. ड्युटीवर एक तरुण मेडिकल ऑफिसर होत्या. पेशंट त्यांना म्हणाला, "छातीवर कोण बसल्यागत वाटालंय बघा मॅडम." घाम होता, श्वास ठीक, पल्स ९२, बीपी २१०/१२०. ॲस्पिरिन ३०० चघळायला दिली, ईसीजी काढला, मोबाईलवर फोटो मारला आणि मला फोन केला.

"सर, अँटेरियर एमआय आहे. व्ही१ ते व्ही३ एसटी वर आहे, मशीनपण तेच म्हणतंय. नातेवाईक तयार आहेत, स्ट्रेप्टोकायनेज फ्रीजमधून काढून ठेवलंय. लावू का?"

अडचण काय होती

फोटोत व्ही१, व्ही२, व्ही३ मध्ये एसटी वर होती यात वादच नव्हता. व्ही२ मध्ये कागदावर साधारण पावणेदोन मिलिमीटर, व्ही३ मध्ये सव्वा, व्ही१ मध्ये एक. पण मला दोन गोष्टी खटकल्या. एक म्हणजे लीड १, एव्हीएल, व्ही५, व्ही६ मध्ये एसटी खाली उतरत जात होती आणि टी उलटी होती, तीही एका विशिष्ट आकाराची, म्हणजे हळूहळू उतरून मग झटकन वर येणारी. इस्केमियातली उलटी टी बहुतेक वेळा दोन्ही बाजूंनी सारखी असते, ही तशी नव्हती. दुसरं म्हणजे एव्हीएलमध्ये आर चांगला १३ मिलिमीटर उंच, आणि छातीच्या लीड्स मात्र त्या मानानं अगदीच बेताच्या.

मी विचारलं, "एलव्हीएच असेल का? बीपी बघ किती आहे." त्यावर त्यांचं उत्तर तयार होतं, आणि ते चुकीचं नव्हतं, त्यांनी खरंच मोजलं होतं. "मोजलं सर. व्ही१ चा एस ११, व्ही५ चा आर साडेचौदा, बेरीज साडेपंचवीस. सोकोलो-लायनला ३५ लागतात. कॉर्नेलपण केलं, एव्हीएलचा आर १३ आणि व्ही३ चा एस १२ मिळून २५, पुरुषाला २८ च्या वर पाहिजे. दोन्ही निगेटिव्ह."

दोन्ही क्रायटेरिया निगेटिव्ह आणि तरी स्ट्रेनसारखा दिसणारा ईसीजी, हे जुळत नव्हतं. फोटोत कागदाची डावी कड कापली गेली होती. म्हटलं पूर्ण कागद सपाट टेबलावर ठेव, चारी कोपरे दिसू देत, आणि कॅलिब्रेशनची ती चौकोनी खूण मोज. दोन मिनिटांनी फोटो आला. लिंब लीड्सच्या सुरुवातीला खूण १० मिलिमीटर उंच, छातीच्या लीड्सना ५. म्हणजे क्यूआरएस इतके मोठे होते की ते एकमेकांत घुसू नयेत म्हणून मशीननं आपणहून छातीच्या लीड्स अर्ध्या स्केलवर छापल्या होत्या. हे ऑटो-गेन सेटिंग बऱ्याच मशीनमध्ये असतं आणि कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलेलंही असतं, फक्त तिथं कुणी बघत नाही.

आता दुप्पट केलं की व्ही१ चा एस २२ आणि व्ही५ चा आर २९, बेरीज ५१. कॉर्नेलमध्ये तर गंमतच झाली होती, एक आकडा पूर्ण स्केलचा आणि दुसरा अर्ध्या स्केलचा घेऊन बेरीज केलेली. खरी बेरीज १३ अधिक २४, म्हणजे ३७. दोन्ही दणकून पॉझिटिव्ह.

पण एसटीही दुप्पट झाली ना! व्ही२ मध्ये साडेतीन मिलिमीटर, व्ही३ मध्ये अडीच. चाळिशीच्या पुढच्या पुरुषात व्ही२-व्ही३ ला २ मिलिमीटर ही एसटी-एलिव्हेशन एमआयची रेघ आहे, ती या दोन्ही लीड्सनी ओलांडली. मशीन आतमध्ये व्होल्टेजच मोजतं, कागदाच्या स्केलशी त्याला देणंघेणं नसतं, म्हणून त्यानं एमआय छापलं होतं. त्याच कागदावर दुसऱ्या ओळीत एलव्हीएचसुद्धा लिहिलेलं होतं, पण पहिली ओळ वाचल्यावर दुसरी कोण वाचतंय.

कोणते पर्याय समोर होते

पहिला पर्याय, लगेच स्ट्रेप्टोकायनेज, १५ लाख युनिट. तास-दीड तासाच्या आतला अटॅक असेल तर यासारखा फायदा नाही, आणि कॅथलॅब दोन तासांवर असताना हा विचार अगदी रास्त. पण लायसिसनं साधारण शंभरात एकाला मेंदूत रक्तस्राव होतो, तोही योग्य निवडलेल्या पेशंटमध्ये. बीपी १८०/११० च्या वर असलं की धोका वाढतो, इथं २१०/१२०. शिवाय इतक्या बीपीला छातीत दुखत असेल तर महाधमनी फाटली नाही ना हे बघितल्याशिवाय ते औषध हातातसुद्धा घेऊ नये.

दुसरा पर्याय तिथल्या सीनिअर डॉक्टरांनी सुचवला. ते म्हणाले, "पैलवान आहे, अर्ली रिपोल असणार. तालमीतल्या पोरांचे असेच येतात ईसीजी. पॅन्टोप द्या, सकाळी बघू." हा मला पहिल्यापेक्षाही धोक्याचा वाटला, कारण निष्कर्ष बरोबरच्या जवळ जाणारा पण कारण साफ चुकीचं, आणि चुकीच्या कारणानं निर्धास्त झालेला माणूस दुसरा ईसीजी काढत नाही.

तिसरा पर्याय म्हणजे लायसिस थांबवायचं, पण पेशंटला मात्र अटॅक नाही असं सिद्ध होईपर्यंत अटॅकसारखंच वागवायचं. दर १५-२० मिनिटांनी ईसीजी, बीपी खाली आणणं, दोन्ही हातांचं बीपी आणि पल्स बघणं, आणि गाडीत घालून कोल्हापूर.

निर्णय कशावर फिरला

व्होल्टेज पॉझिटिव्ह आलं म्हणून एसटी एलव्हीएचचीच असं होत नाही. व्होल्टेज एवढंच सांगतं की डावं व्हेंट्रिकल जाड असू शकतं. जाड व्हेंट्रिकलवाल्याला अटॅक येत नाही का? उलट जास्त येतो. प्रश्न असा विचारायचा की ही एसटी त्या क्यूआरएसला शोभेल एवढीच आहे का जास्त आहे.

एलव्हीएचमध्ये डीपोलरायझेशनचा जोर मोठा असतो म्हणून रिपोलरायझेशनही उलट्या दिशेनं मोठं होतं. जिथं आर उंच (१, एव्हीएल, व्ही५, व्ही६) तिथं एसटी खाली, आणि जिथं एस खोल (व्ही१ ते व्ही३) तिथं एसटी वर. जेवढा माणूस उंच तेवढी सावली लांब, त्यातला प्रकार. त्यामुळं नुसते मिलिमीटर मोजून उपयोग नाही, प्रमाण बघायला पाहिजे. २०१२ मध्ये आर्मस्ट्राँग आणि सहकाऱ्यांनी एलव्हीएचवाल्या संशयित एमआयच्या पेशंटांत हेच तपासलं, आणि व्ही१ ते व्ही३ मधली एसटी क्यूआरएसच्या २५ टक्के किंवा जास्त असेल तरच खऱ्या ऑक्लूजनचा संशय धरावा असं सुचवलं.

आमच्या पेशंटचं गणित फोनवरच केलं. व्ही२ मध्ये आर ४ आणि एस ३१, मिळून ३५, एसटी साडेतीन, म्हणजे १० टक्के. व्ही३ मध्ये २९ ला अडीच, जेमतेम ९. व्ही१ मध्ये २४ ला २, म्हणजे ८. मला या प्रमाणाची सगळ्यात आवडणारी गोष्ट अशी की अर्ध्या स्केलवर मोजलं तरी उत्तर तेच येतं, पावणेदोन भागिले साडेसतरा करा नाहीतर साडेतीन भागिले ३५ करा, दहावा हिस्साच. कॅलिब्रेशन कुणी बघितलंच नसतं तरी या एका गणितानं सावध केलं असतं.

आता अर्ली रिपोलचं. तोही एसटी वर नेतो, पण कुठं नेतो ते बघा. अर्ली रिपोलमध्ये एसटी सहसा त्या लीड्समध्ये वर असते जिथं आर चांगला उंच असतो, व्ही४-व्ही५ च्या आसपास, टी उभी आणि ऐसपैस, आणि जे पॉइंटला बऱ्याचदा माशाच्या गळासारखा बारीक खाच. म्हणजे क्यूआरएस आणि एसटी एकाच दिशेला. एलव्हीएचमध्ये दोघं विरुद्ध दिशेला. आमच्या पेशंटच्या व्ही४ मध्ये आर आणि एस जवळजवळ सारखे होते आणि एसटी बेसलाइनवर, खाच कुठंच नाही, लॅटरल टी उलटी. अर्ली रिपोलमध्ये व्ही५-व्ही६ ला अशी उतरती एसटी आणि उलटी टी बसतच नाही. त्यामुळं पैलवान असला तरी हे लेबल इथं लागत नव्हतं, आणि २१०/१२० बीपीच्या ४७ वर्षांच्या तंबाखूवाल्या माणसाला ते लावायच्या आधी दहा वेळा विचार करावा.

अर्ली रिपोल का एलएडी बंद, हे ठरवायला स्मिथचा एक फॉर्म्युला मोबाईलच्या ॲपमध्ये मिळतो. एका ज्युनिअरनं नंतर विचारलं तो का नाही वापरला. तो एलव्हीएचसाठी बनवलेलाच नाही, त्यात व्ही४ च्या आरची उंची घालतात आणि एलव्हीएचमध्ये तो आकडा वेगळ्याच कारणानं बदललेला असतो, म्हणून इथं त्याचं उत्तर काहीही आलं तरी अर्थ नव्हता.

माझं मत काय झालं असतं तर फिरलं असतं तेही त्याच वेळी मॅडमना सांगून ठेवलं. प्रमाण २५ टक्क्यांकडं सरकलं, दुसऱ्या ईसीजीत एसटी पहिल्यापेक्षा वाढली, वरच्या बाजूला फुगली, किंवा व्ही५-व्ही६ ची उलटी टी अचानक सरळ झाली, तर लगेच फोन. शेवटची गोष्ट फसवी असते, उलटी टी सरळ झाली की ईसीजी सुधारल्यासारखा वाटतो, पण दुखत असताना असं झालं तर ते नवीन इस्केमियाचं लक्षण असू शकतं.

प्रत्यक्ष काय केलं

स्ट्रेप्टोकायनेज परत फ्रीजमध्ये. दोन्ही हातांचं बीपी घेतलं, फरक ६ चा. चारी पल्स सारख्या. दुखणं पाठीत जात नव्हतं, फाटल्यासारखं नव्हतं, एक्स-रेत मिडियास्टायनम रुंद दिसला नाही. यानं डिसेक्शन शंभर टक्के नाही असं होत नाही, पण त्या रात्री त्या ठिकाणी एवढंच शक्य होतं. नायट्रोग्लिसरिनची ड्रिप हळूहळू वाढवत नेली.

इलेक्ट्रोड्सच्या जागा पेननं छातीवर खुणा करून ठेवायला सांगितलं. व्ही१-व्ही२ एक बरगडी वर सरकले तरी आकार बदलतो आणि मग दोन ईसीजींची तुलनाच करता येत नाही. दुसरा ईसीजी २० मिनिटांनी, पूर्ण स्केलवर, सेम टू सेम. तिसरा गाडीत बसवायच्या आधी, तोही तसाच. बीपी तोवर १६५/९६ झालं होतं आणि दुखणं बरंच कमी. नायट्रोनं बरं वाटलं म्हणजे हार्टचंच किंवा हार्टचं नाही, दोन्ही ठरवता येत नाही, त्याला मी महत्त्व दिलं नाही. ट्रोपोनिनचं कार्ड निगेटिव्ह आलं, त्यालाही नाही, इतक्या लवकर ते निगेटिव्ह येणारच.

पेशंटच्या बायकोला सांभाळणं जड गेलं. कुणीतरी सांगितलं होतं की अटॅकचं इंजेक्शन पहिल्या तासात द्यायला लागतं. "इंजेक्शन हाय म्हणता आणि देत न्हाई म्हणता, आमच्याकडं पैसं न्हाईत म्हणून व्हय?" मॅडमनी तिला बाजूला बसवून सांगितलं की ताई, हे इंजेक्शन रक्त पातळ करतं आणि आत्ता बीपी इतकं आहे की डोक्यात रक्तस्राव होऊ शकतो, आणि ईसीजीवरून नस बंद झाल्यासारखं वाटत नाही, तरी आम्ही त्यांना मोठ्या ठिकाणी पाठवतोय. नोटमध्ये हे सगळं वेळेसकट लिहिलं. लायसिस दिलं तर का दिलं हे कुणी विचारत नाही, नाही दिलं तर सगळे विचारतात, म्हणून न देण्याची कारणं जास्त नीट लिहायला पाहिजेत.

पुढं काय झालं

पहाटे अडीचला कोल्हापुरात पोचले. इकोत डावं व्हेंट्रिकल सगळीकडून जाड, सेप्टम १६ मिलिमीटर, मागची भिंत १५, डावं ऑरिकल मोठं, पंपिंग ६० टक्के, आणि महत्त्वाचं म्हणजे कुठलाच भाग हलायचा थांबलेला नाही. महाधमनीची सुरुवात ठीक. हाय-सेन्सिटिव्हिटी ट्रोपोनिन पहिलं ३८, तीन तासांनी ४१, दोन्ही लॅबच्या कटऑफच्या किंचित वर. चढ नाही. जाड व्हेंट्रिकल आणि वाढलेल्या बीपीत असं थोडं वर राहिलेलं ट्रोपोनिन दिसतं. क्रिएटिनिन १.५, म्हणजे बीपीनं किडनीलाही हात लावला होता.

दुसऱ्या दिवशी अँजिओग्राफी केली. खरंतर करायची का यावर आमच्यात चर्चा झाली, पण तंबाखू, वय आणि विश्रांतीत आलेलं दुखणं बघता करावी असं ठरलं. एलएडीत मध्यावर ४० टक्क्यांचं ब्लॉक, बाकी नसा मोकळ्या. बंद नस नाही. बीपीच्या तीन गोळ्या, स्टॅटिन आणि तंबाखूबद्दल बरंच बोलून घरी सोडलं.

तिसऱ्या दिवशी घरच्यांनी ट्रंकेतनं कारखान्याची जुनी फाईल आणली. चार वर्षांपूर्वीचा ईसीजी, तोच स्ट्रेन, तीच व्ही१ ते व्ही३ ची एसटी, थोडी कमी.

भिंत १६ म्हटल्यावर हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथीचा विचार करणं भाग होतं, म्हणून २१ वर्षांच्या मुलाला बोलावलं. तो सध्या तालमीत आहे. त्याचा व्ही१ चा एस १६ आणि व्ही५ चा आर २५, बेरीज ४१, म्हणजे सोकोलो-लायनप्रमाणे बापासारखाच पॉझिटिव्ह! पण व्ही४ ला सुरेख खाच, व्ही४-व्ही५ ला दीड मिलिमीटर वर गेलेली, खाली बाक असलेली एसटी, टी उभी, स्ट्रेनचा पत्ता नाही. इकोत भिंत १०, सगळं नॉर्मल. तरुण, छाती पातळ, व्यायाम जोरात, अशा पोरांत नुसतं व्होल्टेज सर्रास पॉझिटिव्ह येतं आणि त्याला काही किंमत नसते. सीनिअर डॉक्टर ज्या ईसीजीची आठवण काढत होते तो हा होता, मुलाचा, बापाचा नव्हे.

वेगळं काय करता आलं असतं

ईसीजीचा फोटो पाठवताना चारी कोपरे आणि दोन्ही कॅलिब्रेशन खुणा दिसल्याच पाहिजेत, हे आधीच ठरलेलं असतं तर दहा मिनिटं वाचली असती. त्या हॉस्पिटलनं आता मशीनचं ऑटो-गेन बंद करून टाकलंय. लाटा एकमेकांत घुसल्या तर माणसानं ठरवून अर्ध्या स्केलवर वेगळी कॉपी काढायची आणि वर पेननं लिहायचं.

जुना ईसीजी त्याच रात्री मागायला हवा होता. घरी फोन करून कुणालातरी फाईलचा फोटो पाठवायला सांगता आला असता, ट्रंक काही कुलपात नव्हती.

पाठवण्यावर मात्र मतं वेगळी आहेत. आमच्यातल्या एका कार्डिओलॉजिस्टचं म्हणणं की १० टक्के प्रमाण, तीन सारखे ईसीजी आणि उतरलेलं दुखणं एवढं असताना तालुक्यातच बीपी सांभाळून सकाळी पाठवता आलं असतं. मला ते पटत नाही. २५ टक्क्यांचा नियम थोड्या पेशंटांवर बेतलेला आहे, नस अर्धवट बंद असेल तर एसटी लहान राहू शकते, आणि तिथं इको नव्हता, ट्रोपोनिन फक्त कार्डवरचं. लायसिस न देण्याइतका तो नियम मला पुरेसा वाटला. रात्रभर तिथंच ठेवण्याइतका नाही. दुखणं थांबलं नसतं तर ईसीजी कसाही दिसो, मी थेट कॅथलॅबला न्या म्हटलं असतं.

एक गोष्ट अजून लटकलेली आहे. १६ ची भिंत बीपीची का कार्डिओमायोपॅथीची हे एमआरआयनं जास्त स्पष्ट झालं असतं, खर्चामुळं तो राहिला. बीपी नीट आटोक्यात ठेवून वर्षानं परत इको करायचा असं ठरलंय. भिंत पातळ होत गेली तर बीपीचाच परिणाम असं धरू, बीपी नॉर्मल असूनही तशीच राहिली तर एमआरआयला पर्याय नाही, आणि मग मुलाचाही इको दर काही वर्षांनी करावा लागेल.